सॅक्सनीचे दोन भाऊबंद

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा मुख्यतः धार्मिक होती की राजकीय, या प्रश्नावर पदवीच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांमध्ये झालेला वाद मी आज आपल्यासमोर मांडणार आहे. त्यांपैकी एक राज्यशास्त्राचा विद्यार्थी होता आणि दुसरी इतिहासाची विद्यार्थिनी. सारा युरोप एका तासात कवेत घेऊ नका, एकच प्रदेश निवडा, एवढी अट मी घातली होती. त्यांनी जर्मनीतील सॅक्सनी निवडले, कारण मार्टिन ल्यूथरचे विटेनबर्ग तिथलेच.

विद्यार्थ्याने सुरुवात केली. “अगं, १५१७ मध्ये ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेतला तो धर्मशास्त्रातून, हे मला मान्य आहे. पण तो जिवंत राहिला कसा? त्याचा राजा फ्रेडरिक हा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात निर्वाचकांपैकी एक होता. १५१९ च्या निवडणुकीत पोपला स्पेनचा चार्ल्स सम्राटपदी नको होता, म्हणून फ्रेडरिकला दुखावणे त्याला परवडत नव्हते. पुढे १५२१ मध्ये ल्यूथरला जाब विचारणाऱ्या वर्म्सच्या सभेनंतर ल्यूथरला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवले, तेही याच राजाने. शिवाय ज्या राजांनी नवा पंथ घेतला, त्यांच्या हाती मठांच्या जमिनी आल्या.”

“अरे, तू सांगतोस ती चळवळ टिकण्याची कारणे आहेत,” विद्यार्थिनी म्हणाली. “ती सुरू का झाली, हे त्यातून कळत नाही. माणसाचा उद्धार त्याच्या पुण्यकर्मांनी होत नाही, केवळ श्रद्धेने होतो, या ल्यूथरच्या विचाराने लोक हलले. आणि फ्रेडरिकचा त्यात लाभ कसला? संतांच्या अवशेषांचा मोठा संग्रह त्याने स्वतः जमवला होता, त्यांच्या दर्शनाने पापक्षमा मिळते असे तेव्हा मानत असत, आणि ल्यूथरची शिकवण त्या संग्रहाच्याही मुळावर येणारी होती.”

इथे मी त्यांना थांबवले. श्रद्धा आणि लाभ एकाच दिशेने जात असतात तोवर राजाचा हेतू बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ते दोन्ही परस्परविरुद्ध ओढत असतील असा प्रसंग शोधा, असे मी सुचवले. त्यावर दोघांनीही १५४७ हेच साल काढले, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या वेळी सॅक्सनी एकाच घराण्याच्या दोन शाखांत वाटलेले होते. फ्रेडरिकचा पुतण्या योहान फ्रीडरिश निर्वाचक होता, तर त्याचा भाऊबंद मॉरिट्स ड्रेस्डेनचा ड्यूक. दोघेही ल्यूथरपंथी. सम्राट चार्ल्सने ल्यूथरपंथी राजांच्या संघावर चाल केली, तेव्हा मॉरिट्सने निर्वाचकपदाच्या आशेने कॅथलिक सम्राटाला साथ दिली. २४ एप्रिल १५४७ रोजी म्यूलबर्गच्या लढाईत योहान फ्रीडरिश पकडला गेला, आणि त्याचे पद व विटेनबर्गसह बराचसा मुलूख मॉरिट्सला मिळाला.

“घे, हेच माझे उत्तर,” विद्यार्थी म्हणाला. “एकाच पंथाचा राजा आपल्याच भाऊबंदाची गादी घेतो. यात धर्म कुठे उरला?”

“योहान फ्रीडरिशमध्ये उरला,” ती म्हणाली. “त्याला देहदंड सुनावला होता. जीव वाचवण्यासाठी त्याने निर्वाचकपद सोडले, पण कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेचे निर्णय मानण्याची अट काही स्वीकारली नाही. पुढल्याच वर्षी सम्राटाने काढलेली धर्मविषयक तडजोडही त्याने कैदेत असताना नाकारली. जे राजकीय होते ते त्याने देऊन टाकले आणि जे धार्मिक होते ते राखले. दोहोंतला भेद त्याला स्वतःला स्पष्ट दिसत होता, मग आपण तो का पुसायचा? आणि मॉरिट्सलाही तू इतका सरळसोट समजू नकोस. मठांच्या मालमत्तेतून त्याने मायसेन आणि प्फोर्टा येथे शाळा काढल्या.”

माझे मत तिच्या बाजूला झुकते. मात्र विद्यार्थ्याच्या पुढच्या मुद्द्याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. १५५२ मध्ये याच मॉरिट्सने फ्रान्सच्या कॅथलिक राजाशी तह करून सम्राटावरच हल्ला चढवला, चार्ल्सला इन्सब्रुकहून पळ काढावा लागला, आणि त्यातूनच १५५५ चा आउग्सबुर्गचा तह शक्य झाला. ल्यूथरपंथाला साम्राज्यात कायद्याने स्थान मिळाले, त्यात कैदेतल्या श्रद्धाळू राजापेक्षा या हिशेबी राजाचा वाटा मोठा होता.

“आणि त्या तहाने राजाचा पंथ तोच राज्याचा पंथ ठरवला,” विद्यार्थी म्हणाला. “म्हणजे शेवटी धर्म राजाच्या हाती गेला.”

“तहातले पुढचे कलमही वाच,” ती म्हणाली. “राजाचा पंथ ज्याला पटत नाही, त्याला मालमत्ता विकून कुटुंबासह दुसऱ्या राज्यात जाण्याची मुभा तिथे दिली आहे. राजाने पंथ बदलला म्हणजे प्रजेचा आपोआप बदलतो, असे त्या राजांना खरोखर वाटत असते, तर हे कलम त्यांनी कोणासाठी लिहिले?”