गिरणी, १४ पॅरा आणि एक शब्द

(टेबलावर प्रिंटचे कागद, बाजूला कात्री आणि लाल पेन)

हा जो पहिला पॅरा दिसतोय ना स्क्रीनवर, यावर मी चार संध्याकाळी घालवल्यात. "काळाच्या ओघात गावागावातल्या गिरण्या थंडावल्या" वगैरे. थंडावल्या की मुकाट झाल्या, यावर अर्धा तास गेला. आता हा पॅरा लेखात नाहीये. पूर्ण उडाला. म्हणजे ज्या भिंतीला मी रंग देत बसलो होतो ती भिंतच पाडायची होती, आणि हे मला रंग वाळल्यावर कळलं.

लेख अण्णांच्या पिठाच्या गिरणीवर होता. अण्णा म्हणजे माझे वडील. दिवाळी अंकाला पाठवायचा होता, मर्यादा १२०० शब्दांची आणि माझा कच्चा खर्डा झाला २२०० शब्दांचा, १४ पॅरा. माझी सवय अशी की फाईल उघडायची, वरून वाचत यायचं आणि जिथे खटकेल तिथे शब्द बदलायचा. त्यामुळे होतं काय, सुरुवातीचे दोन पॅरा चकचकीत आणि शेवटचे तसेच ओबडधोबड. आणि दुसरं वाईट म्हणजे घासूनपुसून ठेवलेलं वाक्य कापवत नाही, जीव अडकतो त्यात. म्हणून या वेळी उलटं केलं, आधी ढाचा, मग पॅरा, मग शब्द, आणि पहिल्या फेरीत शब्दाला हात लावायचाच नाही. टायपो दिसला तरी सोडून द्यायचा, याचा मला फार त्रास झाला.

(मार्जिनमध्ये लिहिणारा हात)

पहिली फेरी कागदावर केली, कारण स्क्रीनवर बोटं शिवशिवतात. प्रत्येक पॅराशेजारी एकच ओळ लिहायची, यात घडतं काय. पहिला पॅरा, गिरण्या बंद पडल्या. दुसरा, गाव कसं आहे. तिसरा, आजोबांनी गिरणी कशी घेतली. चौथा, सकाळचा आवाज. पाचवा, लोडशेडिंगची रात्र. अशा १४ ओळी झाल्या, मग लेख बाजूला ठेवून फक्त त्या ओळी वाचल्या. पहिल्या तीन पॅरात काहीच घडत नव्हतं, नुसती माहिती. आठव्यात तेराव्याचंच बोलणं होतं. आणि अकराव्याशेजारी मी लिहिलेलं, "शाळेतल्या मित्राशी खोटं बोललो."

तो पॅरा होता तीन ओळींचा. मी सातवीत असताना वर्गातला एक मित्र अचानक गिरणीवर आला, अण्णा भुवयांपर्यंत पिठात माखलेले, आणि हे कोण म्हणून त्याने विचारल्यावर ते माझे वडील आहेत हे मी सांगितलं नाही. तीन ओळीत उरकलं आणि पुढच्या पॅरात लगेच गव्हाच्या जाती! ढाचा बघताना माझ्यासाठी हीच खूण ठरली, जिथे लिहिणारा घाईने पळून गेलाय तिथे बहुतेक वेळा लेख लपलेला असतो. माझा लेख गिरणीबद्दल नव्हताच.

मग कात्री घेतली आणि पॅरा कापून फरशीवर मांडले. आधी वाटलं हा प्रसंग एकदम वरच ठेवावा, धक्का बसेल वाचणाऱ्याला. ठेवून वाचलं तर पुढचं सगळं माफीनाम्यासारखं वाटायला लागलं, अण्णा किती कष्टाळू, बघा, बघा. वाचणाऱ्याला आधी अण्णा भेटायला पाहिजेत. म्हणून सुरुवात केली लोडशेडिंगच्या रात्रीपासून, थ्री फेज लाईट रात्री एकला यायची, दारात डबे घेऊन पाचसहा बायका ताटकळलेल्या, आणि एक आजी दर वेळी विचारणार, "आधी कुणाचं दळण होतं? बाजरी असंल तर माझं गहू नको घालू बाबा." मग सकाळचा आवाज, मग मित्र. पाच पॅरा कमी झाले, नऊ राहिले. ढाचा जमलाय का हे बघायला बहिणीला फोन करून लेख चार वाक्यात सांगितला. मध्ये कुठे "अगं थांब, त्याच्याआधी असं झालेलं" म्हणावं लागलं नाही, तेव्हा पुढे गेलो.

(फरशीवर कागदाच्या पट्ट्या)

दुसरी फेरी पॅरांची. यात मी एकच खेळ केला, प्रत्येक पॅराचं शेवटचं वाक्य हाताने झाकून वाचायचं. नऊपैकी सहा पॅरा झाकल्यावर चांगले वाटले! कारण शेवटी मी समजावत बसलेलो, "त्या रात्रींनी मला कष्टांचं मोल शिकवलं" छापाचं. उडवलं. तीन ठिकाणी ते वाक्य गेल्यावर पुढचा पॅरा हवेत लटकला, तिथे ठेवलं.

अजून एक घोळ सापडला, वयाचा. सातवीतला मुलगा बघतोय असा पॅरा आणि मध्येच थकलेल्या वीजबिलाचा हिशोब, जो मला कॉलेजात असताना कळला. मुलाच्या डोळ्यात मोठ्या माणसाची अक्कल घुसली की वाचणाऱ्याला कळतं की काहीतरी बनवाबनवी आहे. बिल उचलून शेवटून दुसऱ्या पॅरात टाकलं. आणि त्या तीन ओळींचा झाला सव्वापानी प्रसंग, मित्राची सायकल, पट्ट्याचा फटफट आवाज, अण्णांनी आमच्याकडे बघून नुसती मान हलवली ते.

मग तिसरी फेरी, शब्दांची, आणि खरं सांगतो ही सगळ्यात छोटी निघाली. मोठ्याने वाचत गेलो. लागोपाठ पाच वाक्यं "होतं"वर संपत होती, कानाला ठेच लागल्यासारखं व्हायचं, त्यातली दोन जोडली आणि एकात क्रियापद मध्ये घेतलं. वडील, बाबा, अण्णा असे तीन माणसं झाले होते, सगळीकडे अण्णा केलं. "दगडांना धार लावायचे" लिहिलेलं, पण आमच्या घरी कुणी असं म्हणायचं नाही, अण्णा म्हणायचे दगड टाकवायचेत. छिन्नीने टकटक करत बसायचे तासन्‌तास. तो शब्द घातल्यावर धार, चकाकी वगैरे दोन वाक्यं आपोआप निरुपयोगी झाली.

आणि मग ते वाक्य आलं. मित्राला मी काय सांगितलं? खर्ड्यात होतं, "ते आमच्याकडे काम करतात." मोठ्याने वाचताना अडखळलो. सातवीतलं पोरगं असं बोलतं होय? मी तेव्हा म्हणालो होतो, "तो? आमचा गडी आहे." तो. एकेरी. आयुष्यात अण्णांना मी अरेतुरे केलं ते तेवढंच, आणि लिहिताना माझ्याच नकळत "ते" करून सभ्य करून टाकलेलं.

बदललं. आणि बदलल्यावर शेवटचा पॅरा, ज्यात मी पश्चात्ताप नीट समजावून सांगितला होता, तो वाचवेना. म्हणजे शब्दांच्या फेरीतून मला परत ढाच्यात जावं लागलं, असं होतं कधीकधी, त्याला इलाज नाही. फक्त तेवढा पॅरा काढला आणि मार्जिनच्या ओळी परत एकदा वाचून घेतल्या. आठ पॅरा, ११४० शब्द.

ऱ्हस्वदीर्घ त्यानंतर तपासले. "पीठ" पण "पिठात", हे मी तीन ठिकाणी चुकलो होतो.

(गिरणीचं बंद शटर)

पाठवायच्या आधी लेख अण्णांना वाचून दाखवला. "गडी"पाशी ते हसले, म्हणाले, "ऐकू आलं होतं मला. पट्टा तेव्हा बंद होता."

लेखात पट्ट्याचा फटफट आवाज होता. तो शब्द खोडला.