घेतलेले ६४, सोडलेले १६: ट्रेडिंग जर्नलचे रकाने कसे आखले

[पडद्यावर: एका शीटची वरची ओळ. तारीख, नाव, खरेदी, विक्री, नफा-तोटा, शेरा.]

माझं पहिलं ट्रेडिंग जर्नल हे. सहा रकाने. शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय बघा. "घाई केली." "बरं झालं निघालो." "पुन्हा असं करायचं नाही." वर्षभर इमानेइतबारे भरलं. वर्ष संपल्यावर त्याला एकच प्रश्न विचारला, की ही पद्धत चालते का? आणि जर्नल गप्प. बेरीज होती, नफाही थोडा होता. पण तो पद्धतीने मिळवून दिला, नशिबाने दिला, की पद्धत याहून जास्त देत होती आणि मीच मध्ये हात घालून तो घालवला, हे त्या सहा रकान्यांतून कळायला मार्गच नव्हता.

म्हणून जर्नल नव्याने आखलं. सुरुवात उलटीकडून केली. आधी शेवटी कोणते प्रश्न विचारायचे ते ठरवलं, मग त्या प्रश्नांना लागतील तेवढेच रकाने ठेवले.

[पडद्यावर: नफा-तोट्याचा रकाना पुसला जातो.]

पहिला रकाना गेला तो नफा-तोट्याचा. चकित होऊ नका. एका ट्रेडमध्ये २,००० मिळाले आणि दुसऱ्यात ५०० गेले, यावरून पद्धतीबद्दल काहीच समजत नाही. कदाचित पहिल्यात संख्या चौपट होती. सरासरी काढायची तर सगळे ट्रेड एकाच मापाने मोजायला हवेत. ट्रेडर हे माप 'आर' या नावाने ओळखतात. ट्रेड घेताना जेवढं गमवायची तयारी ठेवली तो एक आर. स्टॉपलॉस उडाला तर उणे एक. जोखमीच्या दुप्पट मिळालं तर अधिक दोन.

एक ओळ जवळून बघू. सिग्नल २५० ला आला. स्टॉपलॉस २४०. संख्या १००. म्हणजे प्रत्येकी १० ची जोखीम, एकूण १,०००. तोच एक आर. ट्रेड २६५ ला बंद झाला. कागदावर अधिक १.५ आर.

पण प्रत्यक्षात खरेदी २५०.२० ला झाली आणि खर्च ३० लागला. म्हणून शीटमध्ये सूत्र असं आहे:

```
=(IF(D2="L",1,-1)*(J2-I2)*H2-K2)/(ABS(F2-G2)*H2)
```

D मध्ये बाजू: खरेदीसाठी L, शॉर्टसाठी S. F मध्ये सिग्नलचा भाव, G मध्ये स्टॉपलॉस, H मध्ये संख्या. I मध्ये प्रत्यक्ष मिळालेला भाव, J मध्ये बाहेर पडल्याचा भाव, K मध्ये दलाली आणि बाकीचा खर्च. उत्तर येतं १.४५. भागाकार ठरवलेल्या भावाने केलाय, मिळालेल्या भावाने नाही, हे लक्षात घ्या. त्यामुळे स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, जोखमीत मिसळून जात नाही, निकालात दिसतं.

आता G या रकान्याकडे वळू. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त जर्नलं इथेच बिघडतात. भाव वर गेला की आपण स्टॉपलॉस वर सरकवतो. रास्तच आहे. पण सरकवलेला आकडा त्याच चौकटीत लिहिला, तर? वरच्या ट्रेडमध्ये २४० पुसून २४६ लिहा. जोखीम १० ची ४ झाली आणि तोच ट्रेड १.४५ ऐवजी ३.६ आर दाखवायला लागला. पुढे स्टॉपलॉस सिग्नलच्या भावावर आणला तर भागाकार शून्याने होईल. म्हणून मूळ स्टॉपलॉसची चौकट ट्रेड घेतल्याबरोबर कुलूपबंद करायची. सरकवलेल्या स्टॉपलॉससाठी शेजारी दुसरा रकाना.

[पडद्यावर: शीट दोन रंगांत विभागली जाते. डावीकडे "ठरवलं", उजवीकडे "केलं".]

जर्नलचा कणा ही विभागणी आहे. डावीकडे जे ठरवलं ते, उजवीकडे जे घडलं ते. दोन्हींच्या मध्ये एक रकाना, ज्याला मी 'नियमाने आर' म्हणतो. माझ्या हाताऐवजी लेखी नियमाने ट्रेड बंद केला असता तर किती आर मिळाले असते? दलाली आणि स्लिपेज न धरता, चार्टवरून.

हा रकाना भरायला बसलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात अडलो. माझा बाहेर पडण्याचा नियम होता, "जोर कमी वाटला की निघायचं." वाटलं म्हणजे कुणाला, आणि कधी? चार्टवर बोट ठेवून जागा दाखवता येईना. रकाना भरता येत नाही याचा अर्थ नियमच नाही. मग नियम नव्याने लिहिला: आधीच्या तीन कॅंडलच्या नीचांकाखाली बंद भाव आला की बाहेर. वरच्या ट्रेडमध्ये तो २६५ ला लागू झाला होता. आता कुणीही ती जागा दाखवू शकेल.

त्यानंतरचा बदल ओळींमध्ये होता, रकान्यांत नव्हता. घेतलेल्या ट्रेडचीच ओळ न लिहिता प्रत्येक सिग्नलची ओळ लिहायची. ट्रेड सोडला तरी. "घेतला?" या रकान्यात हो किंवा नाही, आणि नाही असेल तर ठरलेल्या यादीतून एक कारण: झोपेत होतो, भांडवल अडकलं होतं, भीती वाटली, भाव हातातून निघून गेला. ही ओळ त्याच दिवशी, निकाल कळायच्या आत लिहायला हवी. आठवड्याने लिहायला बसलात तर हुकलेले विजेतेच आठवतील. सोडलेले आणि पडलेले सिग्नल कुणाच्या लक्षात राहतात?

[पडद्यावर: ८० ओळी. १६ राखाडी.]

८० सिग्नल झाल्यावर मी हिशेबाला बसलो. ६४ घेतलेले, १६ सोडलेले.

घेतलेल्या ६४ मध्ये २४ जिंकले, सरासरी २ आर. ४० हरले, सरासरी ०.८८ आर. ४८ मधून ३५.२ वजा केले, उरले १२.८. दर ट्रेडला ०.२० आर. जुन्या जर्नलची गोष्ट इथेच संपली असती.

आता 'नियमाने आर'ची बेरीज बघा. सगळ्या ८० सिग्नलची ३२ आर, म्हणजे दर सिग्नलला ०.४०. माझ्या हाती आले १२.८. मधले १९.२ कुठे गेले, ते रकाने सांगतात. सोडलेल्या १६ मध्ये १२.८ होते. घेतलेल्या ६४ मध्ये ६.४ गळाले. त्यातले ३.२ खर्च आणि स्लिपेजचे, दर ट्रेडला ०.०५. उरलेले ३.२ मी हाताने लवकर बंद केलेल्या ११ ट्रेडचे. "बाहेर का पडलो" या रकान्यात त्यांच्यापुढे 'हाताने' असा शिक्का आहे. त्या ११ पैकी ४ वेळा लवकर निघाल्याने वाचलोही होतो, आणि आठवणीत फक्त तेच चार होते.

सोडलेल्या १६ मध्ये १२.८ आर म्हणजे सरासरी ०.८! मी नेमके चांगलेच सिग्नल सोडतो की काय? ओळी उघडून बघितल्या. दोन ट्रेड, एक ६ आरचा, एक ७ आरचा. बाकीच्या १४ ची बेरीज उणे ०.२, जवळजवळ शून्य. म्हणजे मी चांगले ओळखून टाळत नव्हतो. या पद्धतीत मोठा नफा क्वचित येणाऱ्या ट्रेडमध्ये असतो, आणि पाचातला एक सिग्नल सोडला की तो क्वचित येणाराही कधीतरी त्यातच जातो.

मग उलट बाजूनेही बघावं लागलं. ते दोन वगळले तर पद्धतीचे ०.४० आर ७८ सिग्नलवर ०.२४ वर येतात. खर्च काढला की ०.१९. सगळी पद्धत दोन ट्रेडच्या खांद्यावर उभी.

[पडद्यावर: एक सरळ रेषा, मध्ये शून्य. त्यावर एक पट्टी, शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली.]

म्हणूनच सरासरी एकटी वाचायची नाही. शेजारी प्रमाण विचलन हवं, म्हणजे ट्रेडचे निकाल किती विखुरलेले आहेत त्याचं माप. घेतलेल्या ६४ ट्रेडचं ते १.६ आर आलं. ६४ चं वर्गमूळ ८. १.६ भागिले ८, ०.२०. ही प्रमाण त्रुटी: सरासरी स्वतः किती डळमळते ते ती सांगते. ढोबळ हिशेबात दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरतात. ०.२० च्या खाली ०.४० आणि वर ०.४०. म्हणजे माझी खरी सरासरी उणे ०.२० पासून अधिक ०.६० पर्यंत कुठेही असू शकते. पूर्ण ८० सिग्नलचं विचलन १.७, प्रमाण त्रुटी ०.१९. खर्च वजा जाता सरासरी ०.३५, आणि पट्टा उणे ०.०३ ते अधिक ०.७३. शून्य अजून पट्ट्याच्या आतच आहे, जेमतेम का होईना.

पट्टा निम्मा करायचा तर ट्रेड चौपट लागतात. ६४ चे २५६. त्यातही एक खोच आहे. एकाच दिवशी एकाच दिशेने घेतलेले पाच ट्रेड बाजार फिरला की एकत्रच पडतात. शीटमध्ये ते पाच दिसतात, माहिती मात्र साधारण एकाचीच. म्हणून 'गट क्रमांक' नावाचा रकाना ठेवला. एका लाटेतले ट्रेड एका क्रमांकाखाली, आणि हिशेब दोनदा, एकदा ट्रेड मोजून, एकदा गट मोजून. गट मोजले की पट्टा बहुधा रुंदावतो. तोच खरा मानायचा.

इथवर आल्यावर रकाने वाढवायचा मोह होतो. वार, वेळ, मनःस्थिती, बाजाराचा मूड. मीही वाढवले होते, वीस तरी खुणा झाल्या होत्या. पण प्रत्येक खुणेत निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तर अशा वीस स्वतंत्र खुणांत निदान एक तरी खोटा फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के होते. मला मंगळवार सापडला होता. दोन महिने मंगळवारी संख्या वाढवून ट्रेड घेतले. पुढचे मंगळवार इतर वारांसारखेच निघाले.

त्या वीसमधल्या दोन खुणा राहिल्या. एक सेटअपची, दुसरी आवृत्तीची. दोन्ही यादीतून निवडायच्या, टाइप करायच्या नाहीत. नाहीतर 'ब्रेकआउट' आणि 'ब्रेक आउट' हे दोन वेगळे सेटअप होऊन बसतात. नियमात काहीही बदललं, कॅंडल तीनऐवजी चार घेतल्या तरी आवृत्तीचा आकडा एकने वाढतो आणि त्या आवृत्तीचे ट्रेड पुन्हा शून्यापासून मोजले जातात. हे जिवावर येतं. ८० सिग्नल जमवायला महिने गेलेले असतात आणि एका दुरुस्तीने ते बाजूला पडतात. नियमाला उगाच हात लावायची माझी सवय या रकान्यामुळे बरीच कमी झाली.

शेऱ्याचा रकाना अजून आहे, अगदी उजव्या टोकाला. कुठल्याही सूत्रात तो नाही.

[पडद्यावर: ८१ वी ओळ. सिग्नलचा भाव भरला जातो, मग स्टॉपलॉस. चौकटीवर कुलपाची खूण उमटते. "घेतला?" हा रकाना अजून रिकामा.]