मायक्रोवेव्हची प्लेट आणि मोबाइलमधला फोटो

नमस्कार श्रोतेहो. मायक्रोवेव्हची काचेची प्लेट फुटली की घरातलं कुणीतरी ओव्हनचा समोरून फोटो काढतं आणि दुकानदाराला पाठवतं. सोबत एक ओळ असते, "दादा, याची प्लेट मिळेल का?" फोटोत काळं दार दिसतं, दारात खिडकीचं ऊन चमकतं आणि फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली असते. त्यावरून प्लेट सांगता येत नाही. दारं तर एकमेकांसारखीच दिसतात. कितीतरी ब्रँड स्वतः ओव्हन बनवतच नाहीत. एकाच कारखान्यातून आलेल्या पेटीवर वेगवेगळी नावं लागतात. मोबाइलवर फोटो टाकून सारखी चित्रं शोधली, तर दिसायला सारखा ओव्हन सापडतो, पण त्याची प्लेट एखादा सेंटिमीटर लहान किंवा मोठी निघू शकते.

मग फोटो काढायचा कशाचा? जुळे सोलापुरातल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. शेंगा भाजताना त्यांची प्लेट फुटली. तुकडे कचऱ्यात गेले. कडेचा एक मोठा तुकडा तेवढा ओट्याखाली सापडला.

सगळ्यात आधी लेबलाचा फोटो काढायचा. कंपनीचं लेबल बहुधा ओव्हनच्या मागच्या बाजूला असतं, काही ओव्हनमध्ये दार उघडल्यावर चौकटीवर. मागचं लेबल पाहायला ओव्हन सरकवण्याआधी प्लग काढा. लेबल चकचकीत असतं, फ्लॅश मारला की अक्षरं पांढरी होतात. फ्लॅश बंद ठेवून बाजूने तिरका टॉर्च धरला की पुसट अक्षरंही उठून दिसतात.

काकूंनी तसा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मॉडेल २४५०." हा घोटाळा नेहमीचा. २४५० हा आकडा घरगुती मायक्रोवेव्हच्या लेबलावर हमखास असतो. ती लहरींची वारंवारता, मेगाहर्ट्झमध्ये. २३० हे व्होल्ट, ५० हे हर्ट्झ. त्यातलं काहीच प्लेटच्या उपयोगाचं नाही. 'मॉडेल' या शब्दापुढे जी अक्षरं-आकड्यांची मिसळ असते ती हवी, आणि तीही शेवटच्या अक्षरापर्यंत. खालचा लांबलचक सीरियल नंबर त्या एका नगाचा असतो. मॉडेलच्या नावात बऱ्याचदा लिटरही दडलेले असतात. एलजीचं पाहा. एमएस म्हणजे सोलो, एमएच म्हणजे ग्रिल, एमसी म्हणजे कन्व्हेक्शन आणि पुढचे दोन आकडे लिटरचे. एमसी २८ ने सुरू होणारा ओव्हन २८ लिटरचा. पण लिटरवरून प्लेट मागू नका. २० लिटरच्या ओव्हनमध्ये कुठे साडेचोवीस सेंटिमीटरची प्लेट असते, कुठे साडेपंचवीसची.

काकूंच्या लेबलावर मॉडेलची शेवटची दोन अक्षरं तेलकट हातांनी पुसली गेली होती. त्यामुळे त्या तुकड्याला कामाला लावलं. तुकड्याच्या गोल कडेवर दोन टोकं धरायची, त्यांच्यामध्ये सरळ पट्टी ठेवायची आणि अंतर मोजायचं. ते निघालं १६० मिलिमीटर. मग त्या दोन टोकांच्या मधोमध काटकोनात, पट्टीपासून कडेपर्यंतचा फुगवटा मोजायचा. तो २८ मिलिमीटर. आता हिशेब. १६० चा वर्ग २५,६००. त्याला फुगवट्याच्या आठपटीने, म्हणजे २२४ ने भागलं की आले ११४. त्यात फुगवट्याचा निम्मा, १४, मिळवला की १२८. ही त्रिज्या. दुप्पट केली की व्यास साधारण २५६ मिलिमीटर. म्हणजे प्लेट २५५ ची असावी.

"असावी" म्हणतो, कारण फुगवटा मोजताना एका मिलिमीटरची चूक सहज होते. २८ ऐवजी २९ धरले तर व्यास २५० येतो आणि २७ धरले तर २६४. म्हणजे २४५ की २५५ हे या तुकड्यावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुकडा मोठा असता, टोकांतलं अंतर २०० मिलिमीटर असतं, तर तीच चूक व्यासात साडेतीन मिलिमीटरपर्यंतच गेली असती. म्हणून प्लेट फुटली तर कडेचा मोठ्यात मोठा तुकडा कागदात गुंडाळून ठेवा. काच बारीक चुऱ्यात फुटली असेल तर अर्थातच हा मार्ग बंद.

काकूंच्या जावयाने मॉडेलच्या राहिलेल्या दोन अक्षरांसाठी खरेदीची पावती शोधली. पूर्ण नाव कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत टाकल्यावर प्लेट २५५ ची निघाली. हिशेब आणि यादी, दोन्ही एकच सांगत होती, तेव्हा ऑर्डर दिली.

प्लेट फुटलेली नसून नुसता तडा गेला असेल, तर फोटो काढणं सोपं. पण तिथेही एक खोच आहे. मापासाठी शेजारी एटीएम कार्ड ठेवतात, ते बरोबर. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. मात्र प्लेट सुलटी ठेवली तर तिची कड कार्डापेक्षा दोनेक सेंटिमीटर वर येते, कॅमेऱ्याच्या जवळ जाते आणि मोठी दिसते. तीस सेंटिमीटरवरून फोटो काढला तर २५५ ची प्लेट २७३ ची भासेल! म्हणून प्लेट उलटी ठेवा, कड टेबलाला टेकू द्या. मोबाइल मीटरभर वर, अगदी आडवा धरा आणि हवं तर झूम करा. कार्डावरचे आकडे कागदाने झाका, तो फोटो अनोळखी हातात जाणार आहे.

उलटी ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे खालचा मधला भाग दिसतो. बऱ्याच प्लेटच्या मध्यभागी काचेचे तीन उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये ओव्हनच्या तळातला प्लास्टिकचा तीन हातांचा कपलर अडकतो आणि प्लेट फिरवतो. काही प्लेट तळाला सपाट असतात, त्यांची पकड वेगळी. व्यास तंतोतंत जुळला आणि ही पकड जुळली नाही, तर कपलर खाली फिरत राहील आणि प्लेट जागची हलणार नाही. घरातली साधी चिनी मातीची ताटली ठेवली तर ती फिरत नाही, त्याचं कारणही हेच. म्हणून कपलरचा वरून एक फोटो आणि चाकांच्या रिंगचा एक फोटो पाठवा. नव्या प्लेटखाली चाकं फिरायची गोल वाट असते, ती रिंगशी जुळायला हवी. नवी पेठेत किंवा आणखी कुठे दुकानात जाणार असाल तर रिंग आणि कपलर दोन्ही पिशवीत टाकून न्या. फोटोपेक्षा ते बरं.

एअर फ्रायरवाल्यांसाठी दोनच शब्द. लेबल तळाला सापडतं, आणि जाळीचं किंवा साच्याचं माप बास्केटच्या तळाशी घ्या, वर नाही. बास्केट खाली निमुळती होते.

नवी प्लेट आली की लगेच दूध तापवायला ठेवू नका. पेलाभर पाणी मधोमध ठेवा आणि अर्धा मिनिट चालवा. प्लेट प्रत्येक फेरीत एकाच जागी टक् करून उचलली गेली तर कपलर उंच आहे किंवा प्लेट चाकांवर नीट बसलेली नाही. कड भिंतीला घासत असेल तर ती मोठी आहे, परत करा. आणि आज डावीकडे फिरली, उद्या उजवीकडे, म्हणून मेकॅनिकला बोलावू नका. ती मोटरच तशी असते, सुरू होताना कोणत्याही बाजूने फिरते.