आठ चौकोन आणि एक रिकामी जागा

(फोंडा येथे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

चवथीच्या आदल्या दिवशी सत्तरीतल्या एका गावात माटोळी बांधताना अडुसष्ट वर्षांच्या आजी चक्कर येऊन खाली बसल्या. दोन वेळा उलटी झाली, घाम फुटला. जवळच्या केंद्रावर ईसीजी काढला. पट्टीचा फोटो काही केल्या पुढे जाईना, म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरांनी पट्टीचं वर्णन लिहून पाठवलं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आज एवढी एकच चिठ्ठी आपण वाचणार आहोत.

“वेग २५. हार्ट रेट स्लो, आर ते आर आठ मोठे चौकोन, सगळीकडे सारखं. पी आहेत, जरा जास्तच वाटतात. मशीन म्हणते पीआर २४०, सायनस ब्रॅडिकार्डिया, फर्स्ट डिग्री ब्लॉक. क्यूआरएस दोन छोटे चौकोन. लीड १ मध्ये क्यूआरएस वर. २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर, ३ मध्ये जास्त. एव्हीएलमध्ये एसटी खाली. क्यूटी बारा छोटे चौकोन.”

चांगली चिठ्ठी आहे ही. यातले बरेच शब्द मोजलेले आहेत. पण तीन प्रकारची वाक्यं एकमेकांत मिसळली आहेत: डॉक्टरांनी स्वतः पाहिलेलं, त्यांना वाटलेलं, आणि मशीनने छापलेलं. वर्णनाचं रीतसर वाचन करताना माझं पहिलं काम ही तीन वेगळी करण्याचं असतं. पाहिलेलं आणि मोजलेलं थेट वाचनाच्या त्या त्या रकान्यात जातं. वाटलेल्याचा प्रश्न होतो. मशीनचं मी बाजूला ठेवतो आणि शेवटी ताडून पाहतो.

आधी रेट. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल तर मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, आणि ३०० ला चौकोनांच्या संख्येने भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात. ३०० भागिले ८, म्हणजे साधारण ३८. वेग चिठ्ठीत लिहिलेला होता म्हणून हे जमलं. पट्टी ५० च्या वेगाने निघाली असती, तर तेच आठ चौकोन ७५ ठोके झाले असते. वेग लिहिलेला नसेल तर मी रेट लिहीतच नाही, आधी विचारतो.

पण ३८ हा खालच्या कप्प्यांचा रेट. पींबद्दलच्या “जरा जास्तच वाटतात” या तीन शब्दांपाशी मी थांबलो. सायनस लयीत प्रत्येक क्यूआरएसला एकच पी असतो, त्यामुळे पी जास्त वाटण्याचं कारणच नाही. फोन करून सांगितलं, “कागदाची एक कड घ्या, लागोपाठच्या दोन पींवर पेनाने खूण करा आणि तोच कागद पट्टीवरून पुढे सरकवत न्या.” पाच मिनिटांनी उत्तर आलं: पी ते पी तीन मोठे चौकोन, एक पी टी लाटेत लपलेला, एक क्यूआरएसला चिकटलेला. म्हणजे वरच्या कप्प्यांचा रेट १००. रेटच्या रकान्यात आता दोन आकडे आले.

मग विचारलं, “लागोपाठच्या तीन क्यूआरएसच्या आधीचं पीआर वेगवेगळं मोजा.” सहा छोटे चौकोन, मग एक, मग अकरा. मशीनचे २४० यांतल्या पहिल्याचे, सहा चौकोन गुणिले ४० मिलिसेकंद. मशीनने आकडा चुकीचा मोजला नव्हता. जिथे वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संबंधच तुटला आहे, तिथे पीआर मोजण्याला अर्थ उरत नाही. पी आपल्या तालात, क्यूआरएस आपल्या तालात, दोन्ही नियमित, वरचा रेट खालच्याहून जास्त, मधलं अंतर सतत बदलतं: हा पूर्ण हार्ट ब्लॉक. क्यूआरएस ८० मिलिसेकंद, अरुंद, म्हणजे ठोका एव्ही नोडच्या आसपासून सुटतो आहे. पीआरच्या रकान्यात मी लिहिलं: “स्थिर नाही, आकडा देण्याजोगा नाही.” तिथे २४० उतरवून ठेवलं असतं, तर पुढच्या डॉक्टरांनी तो साधा फर्स्ट डिग्री ब्लॉक समजून सोडून दिला असता.

आता अ‍ॅक्सिस. चिठ्ठीत आहे फक्त “लीड १ मध्ये क्यूआरएस वर”. एवढ्यावरून अ‍ॅक्सिस उणे ९० ते अधिक ९० मध्ये कुठेही असू शकतो. तरी अशा ठिकाणी “अ‍ॅक्सिस नॉर्मल” लिहिण्याची सवय मी अनेक जाणत्या हातांत पाहिली आहे, माझ्याही हाताला ती होती. न सांगितलेली गोष्ट आणि नॉर्मल असलेली गोष्ट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वाचणारा “नॉर्मल” शब्द पाहतो, तेव्हा कुणीतरी ते लीड डोळ्यांनी पाहिलंय असं धरून चालतो. मी आधी “ठरवता येत नाही” असं लिहिलं, मग एव्हीएफ विचारला. तिथेही क्यूआरएस वर होता, तेव्हा नॉर्मल लिहिलं. छातीच्या लीड्सबद्दल चिठ्ठीत एक शब्दही नव्हता. ती नोंद “उल्लेख नाही” अशीच राहिली.

क्यूटी बारा छोटे चौकोन, ४८० मिलिसेकंद. ऐकायला लांब वाटतो. पण ठोका ३८ चा असताना क्यूटी लांबतोच, म्हणून दुरुस्त केलेला क्यूटी लागतो. आर ते आर १.६ सेकंद. बॅझेटच्या रीतीने १.६ च्या वर्गमुळाने भागलं तर ३७९, फ्रिडेरिशियाच्या रीतीने घनमुळाने भागलं तर ४१०. एकाच पट्टीत तीस मिलिसेकंदांचा फरक! रेट इतका कमी असताना बॅझेट गरजेपेक्षा आखूड उत्तर देतो, म्हणून मी ४१० लिहिलं आणि शेजारी रीतीचं नावही लिहिलं. रीत न लिहिता आकडा पाठवला, तर उद्याची पट्टी दुसऱ्या रीतीने मोजून कुणी “क्यूटी वाढला” म्हणेल.

एकंदर मताचा रकाना मी शेवटी भरतो, आणि त्यात वर नसलेलं काहीही लिहीत नाही. मी लिहिलं: “हृदयाच्या खालच्या भिंतीचा एसटी उंचावलेला तीव्र झटका, सोबत पूर्ण हार्ट ब्लॉक, अरुंद क्यूआरएसचा एस्केप ठोका ३८. एसटी लीड २ पेक्षा ३ मध्ये जास्त आणि एव्हीएलमध्ये खाली, त्यामुळे उजव्या कोरोनरीचा संशय. मशीनच्या निदानाशी सहमत नाही. छातीच्या लीड्सचा उल्लेख नाही. उजव्या बाजूची पट्टी काढलेली नाही.”

बहुतेक माणसांत एव्ही नोडला रक्त उजवी कोरोनरीच पुरवते, त्यामुळे झटका आणि ब्लॉक एकाच ठिकाणाहून समजतात. आणि उजवा कप्पा सापडला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं, आणि फोनवर सांगितलं, “गोळी हातात घेतली असेल तर थांबा, आधी व्ही४ चं इलेक्ट्रोड उजवीकडे त्याच जागी लावून पट्टी काढा.” १०८ ची गाडी तोवर दारात उभी होती. स्ट्रेचरवरच पट्टी निघाली. व्ही४आरमध्ये एसटी एक मिलिमीटर वर होता. रिकामी ठेवलेली ती जागा मी भरली आणि वाचन गाडीच्या आधी बांबोळीला पाठवलं.