खोलीभाड्याची ओळ

रत्नागिरीच्या या तीन मजली सोसायटीत आरोग्य विम्याची पॉलिसी बहुतेक घरांत एकाच जागी सापडते. कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन डांबरगोळ्यांसह. कारण चार महिन्यांच्या ओलीत उघड्या कागदाला बुरशी धरते. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी रविवारी दुपारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडताना सगळ्या ज्येष्ठांना निरोप दिला होता, तो एवढाच: ती पिशवी घेऊन या आणि वाचायचा चष्मा विसरू नका.

या बैठकीमागे एक बिल आहे. गेल्या आषाढात तळमजल्यावरच्या आजी अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. विमा ३ लाखांचा आणि बिल १ लाख २० हजारांचे, त्यामुळे मुलगा निर्धास्त होता. प्रत्यक्षात घरी जाण्याच्या दिवशी त्याला जवळपास ५० हजार रुपये खिशातून भरावे लागले. विमा कंपनीने फसवले, असा घरच्यांचा समज झाला. सेक्रेटरीबाईंनी आजींच्या परवानगीने ते बिल मागून घेतले आणि विमा क्षेत्रातून निवृत्त झालेल्या आपल्या परिचयातल्या एका अधिकाऱ्यांना, विम्याविषयी सर्व काही न सांगता, फक्त हे बिल उलगडून दाखवण्याची विनंती केली.

ते फळ्यावर पहिली ओळ लिहितात ती खोलीभाड्याच्या मर्यादेची. आजींच्या पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार रुपये होती. सोबत सुनेला राहता यावे म्हणून घरच्यांनी ५ हजारांची खोली घेतली. चार दिवसांचे जास्तीचे ८ हजार आपण भरू, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो कोणीही तसाच केला असता. मात्र ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांचे आणि शस्त्रक्रियागृहाचेही दर बदलतात, तिथे कंपनी त्या खर्चालाही तेच प्रमाण लावते. ३ हजार भागिले ५ हजार, म्हणजे ६० टक्के.

खोलीच्या २० हजारांपैकी १२ हजार मंजूर झाले. शस्त्रक्रिया, भूल आणि डॉक्टरांची फी मिळून ६० हजार होते. त्यांतले ३६ हजार मंजूर झाले. औषधे, तपासण्या आणि हाडात बसवलेले इम्प्लांट यांना ही कपात लावता येत नाही, म्हणून ते ४० हजार पूर्ण धरले गेले. बेरीज ८८ हजार. फळ्यासमोरची कुजबुज इथे थांबते, पण हिशेब संपलेला नसतो. कारण त्याच पॉलिसीत २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा स्वतः भरण्याची अट आहे. आणखी १७ हजार ६०० वजा होतात. कंपनीने दिले ७० हजार ४००, घरच्यांनी भरले ४९ हजार ६००.

"म्हणजे खोली साधी घेतली असती तर?" आजी पहिल्या रांगेतून विचारतात. ३ हजारांच्या आतली खोली असती, तर प्रमाणाची कपात झाली नसती आणि भार मुख्यतः को-पेचाच राहिला असता, असे अधिकारी सांगतात. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या विमा कक्षात विचारायचा प्रश्नही ते सगळ्यांकडून म्हणवून घेतात: माझ्या मर्यादेत बसणारी खोली कोणती?

यानंतर पिशव्या उघडल्या जातात. सेक्रेटरीबाई प्रत्येकाजवळ बसून खोलीभाड्याची आणि को-पेची, अशा दोनच ओळी शोधतात आणि त्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादाच नाही, हे त्यांना आज प्रथमच कळते.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. घरात सत्तरीवरचे दोघे असले तर ती रक्कम दोघांत मिळून असते. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. निवृत्त सुभेदारांना मात्र माजी सैनिकांची योजना आणि हे कार्ड यांतले एकच निवडावे लागेल, आणि ते आहे तिथेच राहायचे ठरवतात. या कार्डावर उपचार योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच, भरती झाल्यावर होतात. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत, हे ऐकून दोन-तीन चेहरे उतरतात.

आजींचे वय चौऱ्याहत्तर. सेक्रेटरीबाई त्यांचा आधार क्रमांक मोबाईलमध्ये भरतात, पण ओटीपी येत नाही. आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा आहे आणि मुलगा डोंबिवलीत. फोन स्पीकरवर लागतो, पलीकडे लोकलची घोषणा ऐकू येते. मुलगा एकेक आकडा सावकाश सांगतो, आणि आजी तो तितक्याच सावकाश सेक्रेटरीबाईंना पुन्हा सांगतात.