शंभर वर्षांचं युद्ध: राजाची सोडवणूक आणि मिठावरचा कर

[पडद्यावर: शेवटचा हात फिरवलेलं, पुरुषभर उंचीचं लाकडी धनुष्य]

निवेदन:

हे यू नावाच्या झाडाचं लाकूड. आतला तांबूस गाभा दाब सोसतो, बाहेरचं पांढुरकं लाकूड ताण सोसतं. एकाच फळीत दोन्ही असल्यामुळे हे धनुष्य इतकं वाकतं आणि मोडत नाही. पुढे 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश जहाजावर अशी शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. ती पूर्ण ताणायला 45 ते 80 किलोंचा जोर लागत असावा. म्हणजे पोरवयापासून हात तयार झालेला माणूसच हवा. 1363 मध्ये इंग्लंडच्या राजानं हुकूमच काढला, की सणावारी फुटबॉलसारखे खेळ बंद, धनुष्याचा सराव करा.

पण इंग्लंड आणि फ्रान्सचं हे भांडण मुळात गादीचं होतं.

1328 मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स मुलगा नसताना वारला. त्याच्या बहिणीचा मुलगा म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड. सख्खा भाचा. फ्रेंच सरदारांनी मात्र बाईच्या बाजूनं आलेला वारसा मानला नाही आणि गादी चार्ल्सच्या चुलतभावाला, फिलिपला दिली. एडवर्ड तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो गप्प बसला, एवढंच नाही, पुढच्या वर्षी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीच्या जहागिरीसाठी त्यानं फिलिपपुढे मानही तुकवली. 1337 मध्ये फिलिपनं तीच जहागीर जप्त केली, तेव्हा भाच्याला मामाची गादी आठवली.

1340 मध्ये गेंट शहरात एडवर्डनं स्वतःला फ्रान्सचा राजा जाहीर केलं. तिथल्या विणकरांना इंग्लंडची लोकर हवी होती, पण ते होते फ्रान्सच्या राजाचे अंकित. एडवर्डच फ्रान्सचा राजा म्हटल्यावर त्याला साथ देणं ही फितुरी उरत नव्हती!

[पडद्यावर: क्रेसीचा उतार, पावसानंतरचा चिखल]

26 ऑगस्ट 1346, उत्तर फ्रान्समधलं क्रेसी. फ्रेंचांकडे इटलीतल्या जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य चालवणारे होते. त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिलेल्या. क्रॉसबो पुन्हा चढवायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा इंग्लिश तिरंदाज कितीतरी बाण सोडून मोकळा होतो. जिनोआवाले मागे फिरले, आणि त्यांच्याच बाजूचे उतावीळ घोडेस्वार त्यांना तुडवत पुढे निघाले. बाणांनी आधी घोडे पडले. चिलखताच्या ओझ्यासकट चिखलात पडलेला सरदार लवकर उठत नाही.

दहा वर्षांनी, प्वातियेच्या लढाईत, फ्रान्सचा राजा जाँ स्वतःच कैद झाला. सोडवणुकीची किंमत ठरली 30 लाख सोन्याची नाणी.

माझ्या मते या युद्धाचं खरं वळण हे आहे. राजा सोडवायचा म्हणून डिसेंबर 1360 मध्ये फ्रान्समध्ये कर बसले: विकल्या जाणाऱ्या मालावर विसावा हिस्सा, दारूवर तेरावा, आणि मिठावर पाचवा. मीठ कुणाला चुकतं? खारवलेलं मांस आणि मासे नसतील, तर हिवाळा काढायचा कसा? खंडणी कधी पूर्ण फिटलीच नाही. ओलीस ठेवलेला मुलगा शब्द मोडून पळाला, तेव्हा राजा आपण होऊन लंडनला परतला आणि 1364 मध्ये तिथंच वारला. राजा गेला, कर मात्र राहिले.

इंग्लंडमध्ये उलटं होतं. तिथं राजाला नव्या करासाठी दर वेळी पार्लमेंटपुढे हात पसरावे लागत. घोड्यावरच्या तिरंदाजाचा रोज सहा पेन्स. 1377 मध्ये डोईपट्टी माणशी चार पेन्स होती, तिसऱ्या खेपेला ती बारा पेन्स झाली. तिरंदाजाची दोन दिवसांची मजुरी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे! लोकांनी घरातली माणसंच लपवली. यादीतली डोकी अचानक घटली, म्हणून चौकशीला अधिकारी गेले, आणि 1381 मध्ये एसेक्स-केंटचे शेतकरी थेट लंडनमध्ये घुसले.

[पडद्यावर: बाणाच्या शेपटीला दोऱ्यानं बांधलेली पिसं]

1415 मध्ये फ्रान्समधल्या अझँकूरला इंग्लिश धनुष्य पुन्हा जिंकलं. 1417 मध्ये इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीनं फर्मान काढलं, की गावोगावच्या प्रत्येक पाळीव हंसाची सहा पिसं बाणांसाठी गोळा करा. लढाई जिंकता येत होती. पण जिंकलेला किल्ला सांभाळायचा तर शिबंदीला दरमहा पगार हवा, आणि तो पिसांनी भागत नाही.

फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सकडे तोवर कर घेण्याची बसलेली घडी होती. 1445 मध्ये त्यानं बारमाही पगारी फौज उभी केली, तोफखान्यावर खर्च केला. 17 जुलै 1453 ला कास्तियोंजवळ इंग्रज सेनापती टॅल्बट खंदक आणि तोफांनी बांधलेल्या फ्रेंच छावणीवर चालून गेला, आणि तिथंच पडला. ऑक्टोबरमध्ये गॅस्कनीचं मुख्य शहर बोर्दो शरण आलं.

इंग्लंडचे राजे मात्र ‘फ्रान्सचा राजा’ ही पदवी 1801 पर्यंत लावत राहिले.