वीस ग्रॅमचं व्याज किती?

आपल्यापैकी अनेकांकडे सरकारी सुवर्णरोखे आहेत. दर सहा महिन्यांनी व्याज जमा झाल्याचा मेसेज येतो, आपण तो वाचतो आणि सोडून देतो. माझी विनंती आहे, एकदा तरी ती रक्कम प्रमाणपत्राशी ताडून पाहा.

माझ्या मावशीचंच सांगतो. तिने बँकेच्या काउंटरवरून २०२०-२१ च्या पाचव्या मालिकेचे वीस ग्रॅमचे रोखे घेतले. तिच्या शेजारणीचेही वीसच ग्रॅम, पण सहाव्या मालिकेचे. मावशीला सहामाही १,३३३ रुपये ५० पैसे येतात, शेजारणीला १,२७९ रुपये २५ पैसे. "सोनं सारखंच, मग तिचं व्याज कमी का?" मावशी अस्वस्थ झाली होती.

चूक कुणाचीच नव्हती. व्याज आजच्या सोन्याच्या भावावर मिळत नाही. रोखा विक्रीला आला तेव्हा ठरलेली प्रति ग्रॅम किंमत त्या मालिकेपुरती कायम धरली जाते. पाचव्या मालिकेची ती ५,३३४ रुपये होती, सहाव्या मालिकेची ५,११७. मावशीचे वीस ग्रॅम म्हणजे १,०६,६८०. त्यावर वर्षाला अडीच टक्के म्हणजे २,६६७, आणि त्याचं निम्मं १,३३३.५०. सोनं कितीही चढलं तरी हा आकडा हलत नाही. शेअर बाजारातून जास्त भावाने रोखा घेतलेल्यालाही व्याज मूळ किमतीवरच मिळतं. याचा अनेकांना धक्का बसतो.

म्हणून प्रमाणपत्र हातात घ्या आणि त्यावर ग्रॅम, मूळ किंमत, व्याजदर आणि रोखा जारी झाल्याची तारीख शोधा. दर मनाने धरू नका. २०१५ च्या पहिल्या मालिकेला पावणेतीन टक्के होते. तारखेवरून व्याजाचे दिवस कळतात. मावशीचा रोखा ११ ऑगस्ट २०२० चा, म्हणून ११ फेब्रुवारी आणि ११ ऑगस्ट. ११ फेब्रुवारी २०२४ ला रविवार होता, अशा वेळी एक-दोन दिवस थांबा.

रक्कम कमी दिसली, तर आधी आपलीच मालिका पाहतोय ना, हे तपासा. या व्याजावर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे "कर कापला असेल" असं म्हणून गप्प बसू नका. कर लागतो, पण तो आपण विवरणपत्रात व्याज दाखवून भरायचा असतो.

काहीच जमा झालं नाही, तर बहुतेकदा खातं आडवं येतं. ते बंद झालेलं असतं किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असतो. रोखा जिथून घेतला तिथे प्रमाणपत्राची प्रत आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक घेऊन जा, अर्ज द्या आणि पोच घ्या. रोखे डीमॅटमध्ये असतील, तर आधी डीमॅटला कोणतं बँक खातं जोडलंय ते पाहा. मावशीच्या प्रमाणपत्रामागे आता पेन्सिलीने १,३३३.५० लिहिलेलं आहे, आणि खाली दोन तारखा.